एकाच फाउंड्रीला चार-चार एनआयसी कोड कसे?

प्रश्न: उद्यमबागेत आमची ओतकामाची कंपनी आहे. उद्यम प्रमाणपत्रावर तीन-चार कोड आहेत आणि सीआयएनमध्ये, म्हणजे कंपनीच्या नोंदणी क्रमांकात, वेगळाच आकडा आहे. मग आमची कंपनी नक्की कोणत्या क्षेत्रातली?

एनआयसी म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण. त्याचा कोड कामाला असतो. कंपनी जितकी कामं करते तितके कोड तिला लागू शकतात. ‘क्षेत्र’ मात्र एकच ठरतं, कारण त्यासाठी त्यातलं मुख्य काम कोणतं ते शोधावं लागतं. ते विक्रीवरून शोधतात असं बहुतेकांना वाटतं, पण नियम मूल्यवर्धनाचा आहे. विक्रीतून बाहेरून घेतलेला माल, वीज आणि सेवा वजा केल्यावर जे उरतं ते मूल्यवर्धन. कामगारांचे पगार यात वजा करायचे नाहीत.

बेळगावात सहज आढळेल अशी एक कल्पित कंपनी घेऊ. ती पिग आयर्न घाऊक विकते: विक्री ४०० लाख, खरेदी वगैरे ३६०, उरले ४०. दुसऱ्यांसाठी लोखंडी कास्टिंग ओतते: विक्री ९०, खर्च ६५, उरले २५. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या मालावर सीएनसीचं जॉबवर्क करते: बिल २२, खर्च ७, उरले १५. शिवाय स्वतःचे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवते: विक्री ६०, खर्च ४०, उरले २०. या व्हॉल्व्हची कास्टिंग घरचीच असली तरी ती ओतकामात धरायची नाही. बाहेर व्हॉल्व्ह जातो, म्हणून सगळं व्हॉल्व्हमध्येच मोजायचं.

एनआयसी २००८ मध्ये या कामांचे चार आकडी वर्ग अनुक्रमे ४६६२, २४३१, २५९२ आणि २८१२. विक्रीचे सत्तर टक्के व्यापारातून येतात. सुट्या कामांत मूल्यवर्धनही व्यापाराचंच सर्वांत जास्त आहे. तरीही ही कंपनी व्यापारी ठरत नाही, कारण निवड वरून खाली करायची असते. आधी अक्षराचा विभाग पाहायचा: व्यापाराचा G, त्यात ४०, उत्पादनाचा C, त्यात २५, १५ आणि २० मिळून ६०. म्हणजे C. मग C च्या आत दोन आकडी गट बघायचे: २४ मध्ये २५, २५ मध्ये १५, २८ मध्ये २०. म्हणून २४, आणि त्यातून २४३१, लोखंड-पोलादाचं ओतकाम. थेट सर्वांत मोठा आकडा उचलला असता तर उत्तर चुकलं असतं. बाकीचे तीन कोड दुय्यम कामं म्हणून राहतात. कंपनीचं ऑफिस, कॅन्टीन किंवा स्वतःचा माल नेणारा टेम्पो यांना मात्र वेगळा कोड नसतो, ती सोबतची कामं.

आता सीआयएन. त्यातल्या पहिल्या अक्षरानंतरचे पाच आकडे उद्योगाचे. तुमचा `U27310KA…` असा सुरू होत असेल तर घाबरू नका. १९९८ आणि २००४ च्या आवृत्तीत २७३१ म्हणजे लोखंड-पोलादाचं ओतकाम. २००८ च्या पुस्तकात तोच २७३१ ऑप्टिकल फायबर केबल झाला! कंपनी जुनी असेल तर आकडा जुन्या पुस्तकातला असतो आणि तो आपोआप बदलत नाही. म्हणून कोड बघताना आधी आवृत्ती विचारायची. बँकेच्या फॉर्ममध्ये कुणी सीआयएनवरून क्षेत्र भरलं तर फाउंड्री विजेच्या साहित्याच्या गटात जाऊन बसते. २४ आणि २७ यांची गल्लत झाली की कारण बहुधा हेच.

सीमाभागातली आणखी एक गुंतागुंत. कंपनीचं नोंदणीकृत ऑफिस उद्यमबागेत आणि दुसरं युनिट शिनोळीला, म्हणजे चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. सीआयएनमधलं KA नोंदणीकृत ऑफिसचं आहे, कारखान्याचं नव्हे. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत मोजणी कारखान्याची होते. त्यामुळे शिनोळीत फक्त मशिनिंग चालत असेल तर ते युनिट २५ मध्ये आणि महाराष्ट्राच्या आकड्यांत, ओतकाम २४ मध्ये आणि कर्नाटकच्या आकड्यांत. मालक एकच, तरी क्षेत्रं दोन.

उद्यम नोंदणी मात्र एका पॅनवर एकच असते. तिच्यात हवी तेवढी कामं जोडता येतात, म्हणून तुमच्या प्रमाणपत्रावर तीन-चार कोड असणं चूक नाही. तिथे बघायचं ते ‘मुख्य काम’ या रकान्यात. विक्री मोठी दिसते म्हणून कुणी तिथे ‘ट्रेडिंग’ निवडलं असेल, तर २ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने व्यापाऱ्यांना दिलेला लाभ फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता आहे. वरच्यासारखा हिशेब मांडून तुमचं काम उत्पादनात बसत असेल, तर पोर्टलवर दुरुस्ती करून घ्या. जीएसटीचा एचएसएन, कास्टिंगला ७३२५ वगैरे, हा मालाचा कोड आहे. तो एनआयसीच्या रकान्यात टाकू नका.