मोठा म्हणतो धाकट्याकडे माग, धाकटा म्हणतो मोठ्याकडे

प्रश्न : माझं वय 68. मालक जाऊन सहा वर्षं झाली. कराडला दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे, मी एकटी राहते. मालकांच्या कंपनीची 1,900 रुपये पेन्शन येते, बाकी काही नाही. मोठा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तो म्हणतो, शेत धाकटा कसतो, त्याच्याकडे माग. धाकटा गावात दुकान चालवतो, तो म्हणतो, पगार मोठ्याला आहे. लेक लग्न होऊन कोल्हापूरला असते. घर माझं असताना मला पोटगी मिळेल का? त्यासाठी पुण्याला जावं लागेल का? वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

उत्तर : मिळेल, मावशी. पुण्याला जायची गरज नाही आणि वकिलावाचून तुमचं अडणार नाही. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली कराडच्या प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. या कामापुरते तेच न्यायाधिकरण असतात. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज चालतो, म्हणून पुण्याच्या मुलालाच कराडला यावं लागेल. कायद्याच्या कलम 17 प्रमाणे इथे कुणाच्याच बाजूने वकील उभा राहत नाही. काही उच्च न्यायालयांनी याबाबत वेगळं मत दिलं आहे, त्यामुळे समोरून वकील आलाच तर गडबडून जाऊ नका. समाजकल्याण खात्याच्या अधिकाऱ्याने तुमच्या वतीने बोलावं, असं कलम 18 खाली लेखी मागता येतं.

आता मुलांच्या सबबी. आई-बापाला सांभाळायची जबाबदारी मुलगा किंवा मुलगी असण्यावरूनच येते, शेत कोण कसतो यावरून नाही. मालमत्ता मिळण्याची अट आहे ती निपुत्रिक ज्येष्ठाच्या नातेवाइकांसाठी. त्यामुळे मोठ्याचं म्हणणं टिकणार नाही, आणि धाकट्याचंही. दोघांनाही सामनेवाले करा. सुनांची नावं घालू नका, ‘मुले’ या व्याख्येत सून बसत नाही आणि अर्ज उगाच भरकटतो. लेकीचं नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ती कायद्याने जबाबदार आहेच, लग्न झालं तरी. मुलगा तिला सामील करून घ्यायची मागणी करू शकतो, हे तिला आधीच सांगून ठेवा.

घराचा मुद्दा मुलं नक्की काढतील. कायदा विचारतो ते एवढंच : स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून तुमचं भागतं का? राहत्या घरातून पैसा येत नाही. ‘मी स्वतः राहते, भाडेकरू नाही’ हे वाक्य अर्जात घाला. शेताबद्दल मात्र काही झाकू नका. सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचं नाव लागलं असेल तर उतारा जोडा आणि पीक कोण घेतं, तुमच्या हातात काय येतं, ते लिहा. लपवलेला सातबारा मुलाने पुढे केला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

अर्ज फसतात ते बहुतेक आकड्यात. ‘मला पुरेसे पैसे मिळावेत’ असं लिहिलं की अधिकारी अंदाजाने काहीतरी रक्कम घालतात. महिन्याचा हिशेब मांडा. समजा किराणा, दूध, गॅस मिळून 4,200, बीपी-शुगरच्या गोळ्या 1,900, वीज-पाणी-घरपट्टी महिन्याकाठी 700, तीन महिन्यांतून एकदा 1,500 ची तपासणी म्हणजे महिन्याला 500, कपडे-एसटी-किरकोळ 700. एकूण 8,000. त्यातून पेन्शन 1,900 वजा केली की 6,100 उरतात, आणि मागणी तेवढीच करा. मोठ्याचा पगार 40,000 च्या आसपास आणि धाकट्याचं दुकान जेमतेम चालत असेल, तर मोठ्याकडून 4,000 आणि धाकट्याकडून 2,100 असं सुचवा. निम्मे-निम्मे व्हायलाच हवेत असं कायदा म्हणत नाही. औषधांच्या तीन महिन्यांच्या पावत्या, पेन्शन जमा होणारं पासबुक, आधार, वयाचा आणि नात्याचा पुरावा जोडा. निकाल लागेपर्यंत दरमहा अंतरिम रक्कम द्यावी, ही मागणीही त्याच अर्जात लिहा.

या कायद्यात महिन्याची कमाल मर्यादा 10,000 रुपये आहे. तुमचा हिशेब त्याच्या आत बसतो, म्हणून हाच रस्ता बरा. गरज त्याहून मोठी असती तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगितलं असतं, तिथे अशी मर्यादा नाही. मात्र दोन्हीकडे एकदम मागता येत नाही.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. निकालासाठी 90 दिवसांची मुदत आहे, अपवाद म्हणून आणखी 30. पण ती मोजतात नोटीस बजावल्यापासून, अर्ज दिल्यापासून नाही. पाकीट ‘घर बंद’ म्हणून परत आलं की घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून मोठ्याचा घरचा पत्ता, कंपनीचा पत्ता आणि मोबाइल नंबर, तिन्ही द्या. पंधरा-वीस दिवसांनी आवक क्रमांक घेऊन टेबलावर जा आणि बजावणी झाली का ते विचारा.

नोटीस गेली की प्रकरण बऱ्याचदा आधी सलोखा अधिकाऱ्याकडे पाठवतात, त्यांना महिन्याचा वेळ असतो. तिथे मुलं नरमतात. ‘देतो ना आई, केस मागे घे’ यावर केस मागे घेऊ नका. किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हे लिहून घ्या आणि त्यावर न्यायाधिकरणाचा आदेश मागा. आणखी एक. समझोत्याच्या नावाखाली शेताच्या हक्कसोडपत्रावर किंवा घराच्या बक्षीसपत्रावर सही मागितली तर थांबा. पुढे मुलाने सांभाळलं नाही तर कलम 23 खाली असा दस्त रद्द करून मागता येतो, पण सांभाळण्याच्या अटीवर तो दिला होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सांगितलं आहे. दस्तात अट लिहिलेलीच नसेल तर ते जड जातं.

आदेशाची प्रत तुम्हाला फुकट मिळते, आणि आदेश जाहीर झाल्यापासून 30 दिवसांत मुलांनी रक्कम जमा करायची असते. रक्कम कमी वाटली तर 60 दिवसांत जिल्हा पातळीच्या अपील न्यायाधिकरणाकडे जा. पैसे चुकले तर त्याच प्रांत कार्यालयात वसुलीच्या वॉरंटसाठी अर्ज करायचा. त्यानंतरही दिले नाहीत तर एक महिन्यापर्यंत, किंवा पैसे भरेपर्यंत, तुरुंगवास होऊ शकतो. इथे आया चुकतात त्या दयेपोटी : दिवाळीला येईल तेव्हा देईल, म्हणून थांबतात. वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो आणि प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी चालते. 5 नोव्हेंबरचे 4,000 आले नाहीत तर 5 फेब्रुवारीच्या आत अर्ज गेला पाहिजे. पासबुक दर महिन्याच्या 10 तारखेला भरून आणा, कुठला हप्ता राहिला ते त्यातच दिसेल.