मार्केटिंग बजेटच्या लाईनपुढे विक्रीचा आकडा लिहायचा का? कूलरच्या सीझनवरून सांगतो

«आमच्याकडे मार्केटिंगचं बजेट हेडप्रमाणे बनते, डिजिटल इतके, होर्डिंग इतके, प्रिंटिंग इतके. यावर्षी डायरेक्टर म्हणतात प्रत्येक लाईन कोणत्या कॅम्पेनच्या कोणत्या गोलसाठी आहे आणि त्यातून काय मिळणार ते पुढे लिहून आणा. कसं लिहू?»

भाऊ, मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कूलर कंपनीत बरीच वर्षं हेच काम पाहतो. एक गोष्ट आधी सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. विक्रीचा आकडा कॅम्पेनपुढे एकदाच लिहायचा, प्रत्येक लाईनपुढे लिहायचा नाही. लाईनपुढे फक्त त्या पैशाने लगेच जे घडायला पाहिजे तेवढंच लिहायचं, म्हणजे किती दुकानदार मिटिंगला आले, कितींनी पहिली ऑर्डर दिली, किती एन्क्वायरी त्या गावातल्या डीलरपर्यंत पोचल्या.

हे मी चूक करून शिकलो. पहिल्या वर्षी मी पण प्रत्येक लाईनपुढे कूलर लिहिले होते, डीलर मीटमधून इतके, भिंतींमधून इतके, फेसबुकच्या जाहिरातीतून इतके. मिटिंगमध्ये आमच्या प्रॉडक्शनच्या साहेबांनी मोबाईलवर बेरीज केली, ती ३,१०० च्या वर गेली, आणि त्या भागासाठी प्लॅन होता २,४०० चा. ते म्हणाले, इतके कूलर बनवायचे कुठे? झालं असं होतं की एकच गिऱ्हाईक भिंत पाहते, मग मोबाईलवर जाहिरात पाहते, मग दुकानात जाते जिथे आमचा बोर्ड लागला आहे, आणि एक कूलर घेते. तो एक कूलर मी तीन लाईनींमध्ये मोजला होता. तुम्ही प्रत्येक लाईनला विक्री जोडली की तुमचंही हेच होणार, आणि डायरेक्टरने बेरीज केली की पूर्ण शीटवरचा विश्वास जातो.

आता एक कॅम्पेन पूर्ण सांगतो. आकडे थोडे गोल केले आहेत, हिशोब तोच आहे.

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यात आम्हाला नवे डीलर पाहिजे होते. गोल असा लिहिला: १५ फेब्रुवारी ते ३१ मे, ४० नवे डीलर, प्रत्येकाकडून सरासरी ३० कूलर, एकूण १,२००. एका कूलरमागे माल, मजुरी, गाडीभाडं आणि डीलर स्कीम वजा जाऊन कंपनीला १,४०० रुपये सुटतात असं अकाउंट्सकडून लिहून घेतलं. इथे विक्रीची किंमत धरू नका, सुटणारा पैसा धरा, नाहीतर कोणतंही कॅम्पेन फायद्याचंच दिसते. आणि डीलर स्कीमचं नक्की विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी ती क्रेडिट नोटने विक्रीतूनच वजा होते आणि मार्केटिंगच्या हेडमध्ये कुठे दिसतच नाही. तर १,२०० कूलर म्हणजे १६ लाख ८० हजार सुटणार.

त्यापुढे खर्चाच्या चार लाईनी. डीलर मीट ४, प्रत्येकी ४५ हजार, म्हणजे १ लाख ८० हजार, अपेक्षा अशी की प्रत्येक मीटला ३० दुकानदार येतील आणि तिघांपैकी एक पहिली ऑर्डर देईल, म्हणजे ४० डीलर. ग्लोसाइन बोर्ड ४०, प्रत्येकी ६ हजार, २ लाख ४० हजार, अपेक्षा दुसऱ्या ऑर्डरची, म्हणून अट घातली की पहिला १० चा माल उचलल्याशिवाय बोर्ड लावायचा नाही. भिंती २० हजार स्क्वेअर फूट, १२ रुपयांनी, २ लाख ४० हजार, अपेक्षा ही की गिऱ्हाईकाने दुकानात येऊन आपलं नाव घेऊन विचारावं. आणि मोबाईलवरच्या जाहिराती दीड लाखाच्या, १५० रुपयाला एक एन्क्वायरी धरून १,००० एन्क्वायरी. एकूण खर्च ८ लाख १० हजार.

पाहा, प्रत्येक लाईन नग गुणिले रेट अशी आहे. हे फार कामाचं आहे. डायरेक्टर म्हणाले एक लाख कमी करा, तर तुम्ही विचारू शकता की एक मीट कमी करू का बोर्ड कमी करू, आणि एक मीट कमी केली तर १० डीलर कमी, म्हणजे ३०० कूलर कमी, हे तिथल्या तिथे दिसते. «डिजिटल ३ लाख» अशी ठोक लाईन असली की सगळ्यांवर सरसकट १० टक्के कात्री लागते आणि गोल मात्र तोच राहते.

याच शीटवर अजून एक आकडा लिहा, खर्च वसूल व्हायला किमान किती विकायला पाहिजे. ८ लाख १० हजार भागिले १,४००, म्हणजे ५७९ कूलर. याच्या खाली गेलो तर कॅम्पेन घाट्यात. आमच्याकडे एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला की कूलरची विक्री आठवडाभर बसते, त्यामुळे १,२०० आणि ५७९ मध्ये किती जागा आहे हे डायरेक्टरला आधीच माहीत असलं पाहिजे.

आता मोबाईलच्या जाहिरातीची लाईन जवळून पाहू, कारण लोक इथेच फसतात. १,००० एन्क्वायरीतून दहातला एक घेईल असं धरलं तर १०० कूलर, म्हणजे १ लाख ४० हजार सुटणार, आणि खर्च दीड लाख. एकटी पाहिली तर ही लाईन कापायला पाहिजे. पण ते १०० कूलर १,२०० च्या आतलेच आहेत, त्यांचं खरं काम नव्या डीलरचा पहिला माल लवकर हलवणं हे आहे, म्हणजे तो दुसरी ऑर्डर देईल. म्हणून आम्ही अपेक्षित रिझल्ट बदलून लिहिला: नव्या डीलरच्या पिनकोडमधल्या आणि डीलरला फोनवर दिलेल्या एन्क्वायरी. प्रत्यक्षात आल्या १,२४०, एजन्सीच्या रिपोर्टमध्ये टार्गेट पार. आमच्या मोजणीत त्या दोन जिल्ह्यांच्या फक्त ३१०, बाकी बहुतेक नागपूर शहरातल्या, जिथे आमचे डीलर आधीपासून आहेत. जाहिरातीचा एरिया नीट बांधलेला नव्हता. रिझल्ट नुसता «एन्क्वायरी» असा लिहिला असता तर हे कधीच सापडलं नसतं.

भिंतींचं मोजणं अवघड आहे, ते मान्य करून चाला. आम्ही पुसद, दिग्रसकडच्या भिंती फेब्रुवारीतच रंगवल्या आणि वणी, केळापूरकडच्या १५ मार्चपर्यंत थांबवल्या, आणि तोपर्यंत दोन्हीकडच्या डीलरांना दर सोमवारी फोन करून एकच प्रश्न विचारायचो, या आठवड्यात किती जणांनी आपलं नाव घेऊन विचारलं? डीलर थोडेच असतात म्हणून यातून बारीक फरक कळत नाही, पण भिंतीने काहीच हललं नाही का थोडं तरी हललं, एवढं कळते. तेवढ्यावर पुढच्या वर्षीचे स्क्वेअर फूट ठरवता येतात.

थांबायचा आकडा पण सुरुवातीलाच लिहा. आमचं होतं, १५ मार्चपर्यंत २० डीलरची पहिली ऑर्डर नाही आली तर उरलेल्या बोर्डांचा पैसा रोखायचा. सीझन सुरू झाल्यावर हे कोणी ठरवत नाही, तेव्हा सगळे गाड्या लोड करण्यात असतात.

शेवटी निघाले ३३ डीलर आणि ९८० कूलर. पण वर्ध्यातल्या जुन्या डीलरांची उचल १२० ने कमी झाली होती, नवा दुकानदार शेजारीच बसला ना. ते वजा करून खरी वाढ ८६०. सुटले १२ लाख ४ हजार, खर्च झाला ७ लाख ६८ हजार कारण बोर्ड ३३ च लागले, उरले ४ लाख ३६ हजार. जुन्या डीलरची घट वजा करायला सेल्सवाले तयार नसतात, तुम्ही ते शीटवर आधीच लिहून ठेवा.

एजन्सीची महिन्याची फी, फोटोशूट, पगार असं जे सगळ्या कॅम्पेनचं मिळून आहे ते सामाईक म्हणून वेगळं ठेवा. टक्केवारीने वाटत बसलात तर दर महिन्याला त्याच्यावरच भांडणं होतात.

आता हेड आणि कॅम्पेन एकत्र कसे चालतील? अकाउंट्सचे हेड बदलायला सांगू नका, ते नाही करणार आणि गरज पण नाही. टॅलीमध्ये `F11` दाबून `Enable Cost Centres` चालू करा, मार्केटिंगच्या लेजरला ते लागू करा आणि प्रत्येक कॅम्पेनचं एक कॉस्ट सेंटर बनवा, आमचं `YWD-26` असं होतं. मग प्रिंटिंगचं बिल प्रिंटिंगमध्येच जाते, पण कोणत्या कॅम्पेनचं ते पण सोबत लागते. कोड पीओवरच टाका आणि कोड नसलेला पीओ सहीला घेऊच नका. बिल आल्यावर टाकू म्हटलं की दोन महिन्यांनी कोणालाच आठवत नाही की ते ५,००० पॅम्प्लेट कशाचे होते. शीटमध्ये मंजूर, पीओ दिलेला आणि बिल आलेला असे तीन वेगळे रकाने ठेवा. भिंतीवाल्याचं बिल काम झाल्यावर महिनाभराने येते, तोपर्यंत पैसे शिल्लक दिसतात आणि कोणीतरी ते दुसरीकडे खर्च करून टाकते.

आणि तुमचा धंदा सीझनचा असेल तर ३१ मार्च सांभाळा. आमचा भिंती, मीट, बोर्डांचा बहुतेक खर्च मार्चपर्यंत होऊन जाते आणि माल विकते एप्रिल-मे मध्ये. अकाउंट्समध्ये खर्च या वर्षात पडते, विक्री पुढच्या वर्षात, आणि ते नियमाने बरोबरच आहे, जाहिरातीचं काम झालं की खर्च त्याच वर्षाचा. पण मार्चची शीट दाखवली की कॅम्पेन पूर्ण घाट्यात दिसते. म्हणून कॅम्पेनची शीट आर्थिक वर्षाने बनवू नका, जानेवारी ते जून अशी सलग ठेवा आणि वर एका ओळीत लिहा की यातला किती खर्च कोणत्या वर्षाच्या बजेटमधून गेला. मार्चमध्ये काम झालं आणि बिल एप्रिलमध्ये येणार असेल तर अकाउंट्सला मार्च संपायच्या आधी यादी देऊन प्रोव्हिजन करून घ्या, नाहीतर ते बिल नव्या वर्षाचं बजेट खाते आणि पुढच्या फेब्रुवारीत भिंतींना पैसा कमी पडते. आमच्याकडे एका वर्षी ८० हजारांचं असंच झालं, आणि पांढरकवड्याकडचा रस्ता पूर्ण सीझन कोरा राहिला.