अ‍ॅव्हरेज जुळतंय, मग डिझेल जातं कुठे?

कंपनीच्या पिकअपचं लॉगबुकातलं अ‍ॅव्हरेज बरोबर येतं, तरी डिझेलचा खर्च वाढतोय. चोरी कशी पकडायची?

आधी डिझेलचं बिल, मग त्याला जुळतील असे किलोमीटर, असं लॉगबुक भरलं जातं. म्हणून किलोमीटर बाहेरच्या कागदावर तपासा. सर्व्हिसच्या बिलावर गॅरेजवाला मीटरचं रीडिंग लिहितो. दोन बिलांतला फरक ६,००० किलोमीटर आणि लॉगबुकातल्या फेऱ्यांची बेरीज ६,९०० असेल, तर बाराच्या अ‍ॅव्हरेजने ७५ लिटर डिझेल त्या गाडीत जळलंच नाही.

बेरीज जुळली तर खाजगी फेऱ्या शोधा. सोलापूर-पुणे जाऊन-येऊन ५०० किलोमीटर लिहिलेत, पण त्या दिवशी फास्टॅगमधून टोल कापलेला नाही? तीच नोंद आधी उचला. ‘मीटर बंद’ असा शेरा आठवडाभर दिसला तर दुरुस्तीचं बिल मागाच.