निकाल ‘लागतो’ की निकाल ‘देतात’?

“एलएलबीच्या नोट्समध्ये ‘औपचारिकतावाद’ आणि ‘विधिवास्तववाद’ असे दोन शब्द आहेत. औपचारिक म्हणजे तर नुसतं दाखवण्यापुरतं, आणि वास्तववाद आम्ही कथा-कादंबऱ्यांच्या संदर्भात शिकलो. मग हे शब्द बरोबर आहेत का? आणि या दोन्ही लोकांच्या मते जज निकाल नेमका कसा देतो?” (नागपूरहून एक विद्यार्थिनी)

पहिल्या शब्दाबद्दलची तुमची शंका रास्त आहे. ‘औपचारिक’ म्हटलं की आपल्याला हारतुरे आणि आभारप्रदर्शन आठवतं. इथे ‘फॉर्मल’ आहे तो तर्कशास्त्रातला. युक्तिवादात कोणता माल भरलाय ते न बघता त्याचा साचा बरोबर आहे का एवढंच बघायचं, याला मराठीत ‘आकारिक’ असा शब्द आहे. मी तरी ‘आकारिक विचारपद्धती’ किंवा सरळ ‘नियमनिष्ठ मत’ म्हणेन. बोलताना आपण ‘कायद्यावर बोट ठेवून’ म्हणतो, ते याच्या सर्वांत जवळचं. ‘विधिवास्तववाद’ चालेल, फक्त त्यातलं वास्तव कादंबरीतलं नाही. कायद्याच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बाजूला ठेवून कोर्टं प्रत्यक्षात काय करतात, ते वास्तव.

खरं तर ही दोन्ही मतं मराठीने दोन क्रियापदांत धरली आहेत. आपण म्हणतो ‘केसचा निकाल लागला’. कोणी लावला ते सांगत नाही. ऊन लागावं, ठेच लागावी, तसा तो लागतो. दुसऱ्या वेळी म्हणतो ‘जजसाहेबांनी निकाल दिला’. इथे माणूस आला. नियमनिष्ठ माणूस पहिलं वाक्य बोलतो: नियम हा, वस्तुस्थिती ही, म्हणून निकाल हा. न्यायाधीश मध्ये उभा असतो, पण गणितातल्या बरोबरच्या चिन्हासारखा. वास्तववादी म्हणतो, थांबा, दुसरं वाक्य खरं आहे. देणारा कोण, आणि देताना त्याने काय काय निवडलं, ते आधी सांगा.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगितलं तर हवेत राहील. आपल्याकडचीच एक केस घेऊ, आणि तीही शब्दाचीच: विड्याचं पान ही भाजी आहे का?

हसू नका, हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. नागपूर ज्या प्रांताची राजधानी होती, त्या मध्य प्रांत व वऱ्हाडाचा 1947 चा विक्रीकर कायदा होता. कोणत्या मालाला कर नाही याची यादी त्याला जोडलेली होती. सहावी नोंद होती भाज्यांची (सीलबंद डब्यांतून विकलेल्या सोडून), आणि छत्तिसावी होती विड्याच्या पानांची. पुढच्याच वर्षी दुरुस्ती करून छत्तिसावी नोंद काढून टाकली. झालं, पानांवर कर बसू लागला. तेव्हा अकोल्याचे एक पानाचे व्यापारी म्हणाले, छत्तिसावी गेली तर गेली, सहावी आहे ना! पान हे वनस्पतीचंच, खायचंच, म्हणजे ती भाजीच झाली.

सुप्रीम कोर्टाने 1961 मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं. कारणं दोन. एक, पान भाजीतच येत असतं तर विधिमंडळाने त्याची वेगळी नोंद केलीच नसती. आणि वेगळी नोंद करून ती काढली, म्हणजे सूट काढायचाच हेतू होता. दोन, करकायद्यातल्या शब्दाला वनस्पतिशास्त्रातला अर्थ लावायचा नसतो, लोकांच्या तोंडी असलेला लावायचा. या दुसऱ्या मुद्द्यासाठी कोर्टाने आधार घेतला तो नागपूर हायकोर्टाचा. संत्रा मार्केटमधल्या पानव्यापाऱ्यांच्या संघटनेने असाच दावा केला होता, आणि 1956 च्या निकालसंग्रहात तो निकाल छापलेला आहे. भाजी म्हणजे घरामागच्या वाडीत पिकणारी आणि जेवणात वापरली जाणारी, असा त्याचा सारांश.

आता यात नियमनिष्ठ माणसाला सगळं जागच्या जागी दिसतं. नियम: यादीत असेल त्यालाच सूट. वस्तुस्थिती: लोक पानाला भाजी म्हणत नाहीत. निष्कर्ष: कर भरा. शिवाय निकाल बरोबर वाटतो. पानठेल्यावर जाऊन कोणी ‘पाव किलो भाजी द्या’ म्हणत नाही.

वास्तववादी निकालावर भांडत नाही. तो त्या ‘म्हणून’वर बोट ठेवतो. पहिलं कारण उलटून बघा. छत्तिसावी नोंद का काढली? पान सहाव्या नोंदीत येतंच आहे, मग दोनदा कशाला लिहा, म्हणूनही काढली असेल! कायद्यातला एकही शब्द फुकट धरू नये, हे तत्त्व खरं. आणि पुष्कळदा जास्तीच्या खबरदारीपोटी कायद्यात शब्द दोनदा येतात, हेही कोर्टांनी मानलेलं तत्त्वच. तसंच करकायद्यात शंका आली तर फायदा करदात्याला, असं एक सूत्र आहे. आणि सवलतीबद्दल शंका आली तर फायदा सरकारला, असं दुसरं. या दुसऱ्यावर तर सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी 2018 मध्ये शिक्कामोर्तब केलं. 1961 मध्ये कोर्टाने पहिलं सूत्र उचलून दुसऱ्या दिशेने निकाल लिहिला असता, तर त्यातही तर्काची चूक सापडली नसती.

अमेरिकन वास्तववादी कार्ल लेवेलिन यांनी 1950 मध्ये नेमकं हेच मांडून दाखवलं. कायद्याचा अर्थ लावण्याची सूत्रं एका बाजूला, आणि प्रत्येकासमोर त्याला कापणारं तितकंच प्रतिष्ठित सूत्र. तलवारबाजीतला वार आणि बचाव, अशी त्यांची मांडणी. त्यांचं म्हणणं ‘सूत्रं खोटी आहेत’ असं नव्हतं. कोणतं सूत्र उचलायचं हे सांगणारं सूत्र नसतं, एवढंच.

मग उचलतो कशावरून? इथे टेक्सासमधले एक न्यायाधीश, जोसेफ हचेसन, मोकळेपणाने बोलले. 1929 च्या लेखात त्यांनी लिहिलं की सगळे कागद वाचून, वकिलांचं ऐकून ते डोक्यात घोळवतात, आणि मग उत्तराची चमक येण्याची वाट बघतात. कारणांची मांडणी त्यानंतरची. आपल्याकडे याला ‘आतून वाटणं’ म्हणतात. म्हणजे आधी उत्तर, मग रीत. गणितात असं केलं की मास्तर गुण कापत.

इथे एक गल्लत नेहमी होते, आणि नोट्समध्येही असते: वास्तववाद म्हणजे ‘जज मनाला येईल तसं करतात’. तसं नाही. हचेसन यांची चमक फाइल वाचल्यावर येते, आधी नाही. शिवाय सुचलेलं उत्तर कागदावर उतरवावं लागतं. निकालपत्र लिहायला बसल्यावर कधी कधी हात अडतो, कारणं जुळत नाहीत, आणि मत बदलावं लागतं. म्हणजे तर्क उत्तर शोधत नसला तरी चाळणीचं काम करतोच.

आता आल्याकडे वळू. बंगालच्या विक्रीकर कायद्यातही भाज्यांना सूट होती, आणि तिथे कायद्यानेच म्हटलं होतं की सब्जी, तरकारी किंवा शाक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाज्या. ओलं आलं त्यात बसतं का? सुप्रीम कोर्टाने 1977 मध्ये सांगितलं, बसतं. जेवणात ते मुख्य पदार्थ नसेल, पण दुय्यम म्हणून असतंच. भाजीवाला ते विकतो, आणि रोज बाजाराला जाणारी गृहिणी त्याला बेलाशक भाजीतच धरेल.

सूत्र दोन्हीकडे तेच: लोकांच्या तोंडचा अर्थ. पण कसोटी बघा कशी सरकली. पानाच्या वेळी विचारलं, कुठे पिकतं आणि ताटात येतं का? आल्याच्या वेळी ताटाची अट ‘दुय्यम चालेल’ इतकी सैल झाली, आणि ‘कोणाकडे मिळतं?’ हा प्रश्न जोडला गेला. आमच्या घरी आई कॉटन मार्केटमधून भाजी आणायची, तेव्हा भाजीवाला शेवटी मूठभर सांभार (पुण्याच्या वाचकांसाठी: कोथिंबीर) आणि आल्याचा तुकडा वरून टाकायचा. आई त्याला कधी भाजी म्हणाली नाही; ‘भाजीवर मिळालं’ म्हणायची. त्या गृहिणीची साक्ष काढली असती तर? कोर्टाने कोणत्याच गृहिणीची काढली नाही. ‘लोक काय म्हणतात’ हे न्यायाधीशाने स्वतःच्या अनुभवावरून ठरवलं. नियमाच्या आत माणूस शिरतो तो असा, कसोटी निवडताना. निकालपत्र वाचताना ती जागा हुडकायची. ‘खरा प्रश्न असा आहे की’ असं वाक्य येतं, तिथे बहुतेक वेळा अर्धा निकाल देऊन झालेला असतो.

नियमनिष्ठाचं यावर उत्तर आहे, आणि ते कच्चं नाही. तो म्हणेल, दोन कायद्यांचे शब्द वेगळे होते. बंगालच्या कायद्याने बाजारातली नावंच दिली होती, म्हणून बाजाराला विचारलं. आणि नवी कसोटी पानाला लावून बघा: पान भाजीवाल्याकडे मिळत नाही, त्याचा बाजार वेगळा, जेवणात ते नसतं, जेवण झाल्यावर असतं. उत्तर तेच येतं. मला हे पटतं. या दोन निकालांत विसंगती आहे असं मी म्हणणार नाही. पण ते सुसंगत आहेत हे आपल्याला दोन्ही निकाल हातात आल्यावर दिसतं. 1976 मध्ये आल्याच्या व्यापाऱ्याला त्याच्या वकिलाने केवळ पानाच्या निकालावरून ठाम उत्तर दिलं असतं, तर तो वकील धाडसी म्हणायचा. आणि वास्तववाद्यांचा मूळ प्रश्न त्या वकिलाचाच होता. अमेरिकन न्यायाधीश ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 1897 मध्ये कायद्याची ओळखच अशी करून दिली की कोर्ट प्रत्यक्षात काय करील याचं भाकीत.

वास्तववादाची दुबळी बाजू वेगळी आहे. तो पोसला जातो तो वरच्या कोर्टांतल्या अडलेल्या केसेसवर. वांगं भाजी आहे का, यावर कोणी व्यापारी हायकोर्टात गेला नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि वकिलाची फी वाया गेली असती. अशा असंख्य ठिकाणी नियम गुपचूप काम करतो, निकाल खरोखरच ‘लागतो’, आणि तो कुठल्याच निकालसंग्रहात छापला जात नाही. फक्त छापलेले निकाल वाचून नियमांना धार नाही असं म्हणणं, म्हणजे दवाखान्यात बसून गावात सगळेच आजारी आहेत असं म्हणणं.

पेपरात ‘औपचारिकतावाद’ हाच शब्द आला तर तो खोडू नका, तपासणाऱ्याला तोच ओळखीचा असेल. पहिल्या वाक्यात ‘म्हणजे नियमनिष्ठ, आकारिक विचारपद्धती’ एवढं जोडा, आणि खाली पानाची आणि आल्याची केस लिहा.