आधी वर्णन वाचा, बोटं मग मोजा

प्रश्न: सर, मुलगी बी.ए. झाली आहे आणि मालवणातच राहून काम करायचं म्हणते. एकाच वर्णनावरून एआयने केलेली दोन चित्रं बघून कुठलं बरोबर ते सांगायचं, असं काम तिला मिळतंय. चित्रकला तिला येत नाही. जमेल का? – एक पालक

उत्तर: चित्रकलेवाचून अडत नाही. लागते ती वाचण्याची शिस्त. समजा, वर्णन असं आहे: 'चार मच्छीमार किनाऱ्यावर रापण ओढताहेत, सगळ्यात पुढच्याच्या डोक्यावर लाल टोपी, उजवीकडे निळी होडी.' चित्रं उघडण्याआधीच तिने याचे प्रश्न करावेत. माणसं चारच आहेत का? जाळं ओढताहेत की नुसतं धरून उभे आहेत? टोपी लाल आहे का, आणि पुढच्याच्याच डोक्यावर आहे का? होडी निळी आणि उजवीकडेच आहे का? आधी चित्र पाहिलं आणि ते देखणं निघालं, की आपण नकळत चुका माफ करतो.

आता पहिलं चित्र घ्या. संध्याकाळचा उजेड झकास, पण टोपी निळी आणि होडी लाल. रंगांची अशी अदलाबदल नेहमी होते: मॉडेल वाक्यातले रंग उचलतं आणि भलत्याच वस्तूला लावतं. दुसरं चित्र साधं आहे, त्यात सगळं वर्णनाप्रमाणे आहे. फक्त तिसऱ्या माणसाच्या हाताला सहा बोटं. वर्णनाशी इमान राखण्यात दुसरं वरचढ, हातांच्या बाबतीत पहिलं. हे दोन गुण वेगळेच द्यायचे. एकूण पसंती कशाला, ते कामाच्या सूचनांत बहुधा दिलेलं असतं. नसेल तर मी दुसरं निवडेन, पण तो हात अगदी समोर, दोरावर असेल तर विचार करेन.

हात तपासताना चित्र मोठं करावं आणि खांद्यापासून मनगटापर्यंत प्रत्येक हात कुणाचा ते लावून बघावं. गर्दीत एखादा हात बिनमालकाचा निघतो. दोर मुठीतून जातो की बोटांत विरघळतो, तेही बघावं. मात्र मुठीमागे अंगठा लपला आणि चारच बोटं दिसली, तर तो दोष नव्हे. नवखी मंडळी इथेच फुकट गुण कापतात.

लांबचे चेहरे बिघडण्याला तांत्रिक कारण आहे. स्टेबल डिफ्युजन या चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्या 512 × 512 पिक्सेलचं चित्र आतमध्ये 64 × 64 घरांच्या जाळीत आखत. म्हणजे 32 पिक्सेलच्या चेहऱ्याला आडवी-उभी चार-चारच घरं. तेवढ्यात डोळे-नाक बसायचे कुठे? लांबचा चेहरा पुसट असणं चालतं, कारण कॅमेऱ्यातही तो तसाच येतो. पण एक डोळा गालावर उतरला असेल तर दोष नोंदवायचा.

हे काम बहुतेक वेळा प्रोजेक्टपुरतं असतं, महिन्याचा पगार धरून चालू नका. आणि नोंदणीसाठी कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.