लाइव्ह डिलीट करण्याआधीचे तीन आठवडे

“मॅडम, त्या रात्रीचे लाइव्ह मला चॅनेलवरून कायमचे काढून टाकायचे आहे. पण लोकांनी मला तेव्हा धीर दिला, सुपर चॅटमधून पैसेही पाठवले. आता ते पुसले तर मी कृतघ्न ठरेन का? आणि ते पैसे परत करावे लागतील का?”

हा प्रश्न विचारणाऱ्या बाई यूट्यूबवर स्वयंपाकाचे छोटे चॅनेल चालवतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) आईचे दिवस होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा आईच्या हातच्या पुरणपोळीची कृती दाखवायला म्हणून त्या लाइव्ह बसल्या. पुरण शिजत असताना त्यांना रडू कोसळले आणि रुग्णालयाच्या बिलावरून भावाशी झालेले भांडण त्या सर्वांसमोर बोलून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. माझ्याकडे येईपर्यंत दोन रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

पैशांचा प्रश्न आधी मोकळा केला, कारण तो साधा होता. सुपर चॅट हे प्रेक्षकाने त्या क्षणी स्वेच्छेने दिलेले असते आणि मागाहून रेकॉर्डिंग काढले म्हणून ते परत जात नाही. त्यामुळे देणाऱ्यांचे काही बुडवल्याचा भार त्यांनी घेण्याचे कारण नव्हते.

मग मी विचारले, “हे नेमके कोणाच्या नजरेआड करायचे आहे?” बऱ्याच वेळाने उत्तर आले : “वहिनीच्या. आणि खरे सांगायचे तर माझ्याही.” माझ्या दृष्टीने इथे दोन वेगळी कामे होती आणि त्या दोन्ही एकाच बटणाने उरकू पाहत होत्या. पहिले काम निकडीचे होते, कारण त्या बोलण्यात भावाच्या घरातल्या खासगी गोष्टी होत्या. त्यासाठी मात्र डिलीट करण्याची गरज नव्हती. माझ्यासमोरच त्यांनी फोनवर यूट्यूब स्टुडिओ हे अ‍ॅप उघडून त्या व्हिडिओची Visibility ही Private केली. व्हिडिओ, त्यासोबत पुन्हा दिसणारे लाइव्ह चॅट आणि खालच्या कमेंट्स हे सर्व इतरांना दिसेनासे झाले, पण नष्ट झाले नाही. कोणी आधीच उतरवून घेतलेली प्रत किंवा काढलेला स्क्रीनशॉट यामुळे पुसला जात नाही, हेही मी स्पष्ट सांगितले. त्याबाबत खोटा दिलासा देणे मला पटत नाही.

तेवढा भाग कापता येईल का, असे त्यांनी विचारले. एडिटरमध्ये ते शक्य असते, परंतु त्यांच्या बाबतीत रडणे चाळिसाव्या मिनिटाला सुरू होऊन बोलणे शेवटपर्यंत चालले होते, आणि कापल्यावरही खालच्या कमेंट्स त्याच भांडणाविषयी बोलत राहिल्या असत्या.

दुसऱ्या कामासाठी मी तीन आठवड्यांची मुदत मागितली. Delete forever हा पर्याय शब्दशः खरा आहे : त्याआधी ‘हे परत आणता येणार नाही’ अशा अर्थाच्या ओळीसमोर खूण करावी लागते, आणि मग व्हिडिओबरोबर कमेंट्सही जातात. शोकात असलेल्या माणसाने मध्यरात्री ती खूण करू नये, असे माझे मत आहे. दरम्यान त्यांनी स्टुडिओतून व्हिडिओ उतरवून घेतला. मात्र उतरवलेल्या फाइलमध्ये लाइव्ह चॅट येत नाही, फक्त चित्र आणि आवाज येतो. ही गोष्ट अनेकांना डिलीट केल्यावरच कळते. म्हणून लॅपटॉपवर चॅटसह व्हिडिओ लावून दुसऱ्या फोनने त्याचे चित्रण करायला मी सुचवले.

त्यांनी मात्र वेगळेच केले. आईच्या जुन्या हिशेबाच्या वहीत कोऱ्या पानांवर त्यांनी निवडक ओळी हाताने उतरवल्या. सुपर चॅट पाठवणाऱ्या नऊ जणांची नावे लिहिली, रकमा लिहिल्या नाहीत. त्यात एका अनोळखी आजींची, एक रुपयाही न पाठवता लिहिलेली ओळ होती : “बाळ, आधी गॅस बंद कर, पाणी पी, मग बोल.” ती वाचून दाखवताना त्या हसल्या, कारण पुरण त्या रात्री खरोखरच खाली लागले होते.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी व्हिडिओ काढायचा हे त्यांनी ठरवले. त्याआधी चॅनेलवर चार ओळींची सूचना लिहिली : त्या दिवशीच्या आधाराबद्दल आभार, घरातल्यांचा खासगीपणा जपण्यासाठी ते लाइव्ह काढत आहे. भावाचा उल्लेख त्यात नव्हता. क्षमायाचना लिहिली होती, ती आम्ही दोघींनी मिळून खोडली. डिलीट त्यांनी दुपारी केले, माझ्या खोलीत नव्हे, स्वयंपाकघरात. पुढच्या भेटीला येताना वही सोबत आणली होती. नऊ नावांच्या खाली आता आईची कृती लिहिली होती, डाळीच्या मापासकट.