तिकीट ‘क्लोज्ड’ आणि मोटर बंद : स्टेटस आणि रिझोल्यूशनची गल्लत

> सोलर पंपाच्या तक्रारी आम्ही जिरा या सॉफ्टवेअरात तिकीट म्हणून टाकतो, चार तालुक्यांची गावं आहेत. मागच्या महिन्यात ४० तिकिटं क्लोज्ड दाखवते, पण वावरातून फोन येतात की मोटर बंदच आहे. ‘बंद-डुप्लिकेट’, ‘बंद-भेट नाही’ असे स्टेटस वाढवले, रिझोल्यूशनमध्ये ‘प्रलंबित’ पण टाकलं. तरी रिपोर्ट जुळत नाही. काऊन?

भाऊ, तुमच्या पोस्टमधलं ‘रिपोर्ट जुळत नाही’ वाचलं आणि दुखणं ओळखीचं वाटलं. बाकी सगळं मागून दुरुस्त होतं, पण रिझोल्यूशनच्या यादीतलं ते ‘प्रलंबित’ आधी काढा.

जिरा रिझोल्यूशनमध्ये काय लिहिलंय ते वाचत नाही. खाना रिकामा आहे की भरलेला, एवढंच पाहते. रिकामा असेल तर तिकीट उघडं, काहीही भरलं की निकाली. मग तिथे ‘प्रलंबित’ लिहा, ‘सोडवले नाही’ लिहा की ‘पार्ट आला नाही’ लिहा, तिच्या लेखी काम संपलं. स्क्रीनवर जे `Unresolved` दिसतं तो यादीतला पर्याय नाही, रिकाम्या खान्याला दिलेलं नाव आहे. ते मराठीत हवं म्हणून कोणीतरी पर्याय बनवतो आणि तिथूनच आकडे बिघडतात. ओळखायची खूण सोपी आहे : स्टेटस ‘काम सुरू’ आणि तिकिटाच्या नंबरावर मात्र काट मारलेली.

तुमच्याकडे किती बिघाड झालाय ते या दोन शोधांनी कळेल. दोन्हींचं उत्तर शून्य यायला पाहिजे :

```
statusCategory != Done AND resolution is not EMPTY
statusCategory = Done AND resolution is EMPTY
```

पहिल्यात येतील ती तिकिटं चालू असून निकालीत मोजली जातात. दुसऱ्यात येतील ती बंद असून थकबाकीत राहतात.

‘प्रलंबित’ थेट डिलीट करायला जाल तर जिरा विचारते, या तिकिटांना त्याऐवजी दुसरं कोणतं रिझोल्यूशन देऊ? ‘काहीच नको’ असं उत्तर तिथे देता येत नाही. म्हणून आधी वर्कफ्लोमध्ये त्याच स्टेटसवरून त्याच स्टेटसवर परत येणारं एक ट्रान्झिशन करा, त्याला रिझोल्यूशन रिकामं करणारं पोस्ट फंक्शन जोडा, आणि अडकलेली तिकिटं बल्क चेंजने त्यातून काढा. मग पर्याय काढा. हे अ‍ॅडमिनचे हक्क असणाऱ्यानेच करायचं काम आहे. यादी साऱ्या प्रोजेक्टांची मिळून एकच असू शकते, तेव्हा शेजारच्या टीमला सांगून करा. मी कंपनी-मॅनेज्ड प्रोजेक्टबद्दल बोलतोय, आणि मेनूची नावं आवृत्तीप्रमाणे बदलतात.

आता तुमचे वाढवलेले स्टेटस. कोणता शब्द कुठे ठेवायचा, याची माझी कसोटी एकच आहे : या तिकिटासाठी उद्या कोणाला काही करायचं उरलंय का? उरलं असेल तर तो स्टेटस. नसेल, तर का नाही उरलं ते रिझोल्यूशन. तुमच्या ४० चं उदाहरण म्हणून असं धरा : २३ दुरुस्त, ६ डुप्लिकेट, ४ केबलचोरीचे म्हणजे आपल्या कामात न बसणारे, आणि ७ ठिकाणी मेकॅनिक गेला पण शेतकरी भेटला नाही. डुप्लिकेट आणि केबलचोरी ही रिझोल्यूशनं झाली, कारण तिकडे परत कोणी जायचं नाही. पण ‘भेट नाही’ हा शेवट कसा होईल? पंप बंद आहे, परत जायचंच आहे. तो उघडा स्टेटस, ‘भेट बाकी’. म्हणजे ४० पैकी संपली ३३, आणि त्यातली दुरुस्त २३. तुम्हाला येणारे फोन बहुधा त्या ७ वावरांतले.

डुप्लिकेट लावताना जुनं तिकीट मूळ ठेवा आणि नव्याला लिंक करून बंद करा. शेतकरी फोन करतो, पोरगा व्हॉट्सअ‍ॅप करतो, डीलर वेगळंच तिकीट टाकतो. नवं मूळ धरलं तर तक्रारीचं वय आपोआप कमी दिसते, आणि ती लबाडी पकडताही येत नाही.

स्टेटस एवढेच पुरे : नवीन, काम सुरू, भेट बाकी, पार्ट बाकी, पाण्याची खात्री बाकी, बंद. ‘पाण्याची खात्री’ वेगळी ठेवायचं कारण असं, की मेकॅनिक संध्याकाळी कंट्रोलर बदलतो, दिवा लागतो, तो निघतो. उन्हाशिवाय पंप जोर धरत नाही. दुसऱ्या दिवशी अकरा-बाराच्या उन्हात पाइपातून पाणी पडतं का, हे फोनवर विचारल्याशिवाय ‘दुरुस्त’ लावू नका. आभाळ असेल तर आणखी एक दिवस थांबा.

रिझोल्यूशन भरायचं दार एकच ठेवा, ‘बंद’कडे जाणारं ट्रान्झिशन. त्याच्या स्क्रीनवर तो खाना द्या. तयार करण्याच्या किंवा एडिटच्या स्क्रीनवर देऊ नका, नाहीतर फोन नंबर दुरुस्त करता करता कोणीतरी तिकीट निकाली काढतो. आणि ‘परत उघडा’ या ट्रान्झिशनवर रिझोल्यूशन रिकामं करणारं पोस्ट फंक्शन हवंच. ते विसरलं की परत उघडलेला पंप ‘दुरुस्त’ म्हणूनच मोजला जातो. वरचा पहिला शोध हेच पकडतो.

जुन्या बंद तिकिटांत आज एकगठ्ठा रिझोल्यूशन भरणार असाल तर जरा थांबा. निकालाची तारीख, म्हणजे `resolved`, खाना भरला त्या दिवसाची पडते. जूनमध्ये झालेलं काम आजच्या खात्यावर येईल आणि आलेख एकदम उभा चढेल. भरायला हरकत नाही, पण जुन्या महिन्यांची मोजणी स्टेटसच्या इतिहासावरून करा, `Closed` च्या जागी तुमच्याकडच्या बंद स्टेटसचं नाव घालून :

```
status = Closed AND status CHANGED TO Closed
DURING ("2025/06/01", "2025/07/01")
```

शेवटची तारीख १ जुलै मुद्दाम आहे. नुसती तारीख दिली की जिरा रात्री बारा वाजताची वेळ धरते, त्यामुळे ३० जून लिहिलं तर त्या दिवसाचं सगळं काम गळते. पुढच्या महिन्यांना मात्र सरळ हे चालेल :

```
resolution = "दुरुस्त" AND resolved >= "2025-09-01"
AND resolved < "2025-10-01"
```

आता थोडं मन मोकळं करतो. या साऱ्या गोंधळाचं मूळ पुष्कळदा जिरात नसते, वर पाठवायच्या नमुन्यात असते. एका कार्यालयाच्या तक्त्यात दोनच रकाने होते, प्राप्त आणि निकाली, आणि तिसरा मागितला तर ‘नमुन्यात बदल करता येत नाही’ हे उत्तर. मग खालचा माणूस निकाली वाढवायला ‘भेट नाही’सुद्धा बंद करतो. त्याला दोष काय द्यायचा? तुमच्यावर असा नमुना असेल तर निकालीत ३३ लिहा आणि शेऱ्यात फोड द्या : दुरुस्त २३, डुप्लिकेट ६, कक्षेबाहेर ४. प्राप्तमधूनही डुप्लिकेट वजा करायचे की नाही, ते एकदा लेखी विचारून घ्या. एका महिन्यात वजा आणि दुसऱ्यात नाही, असं झालं की मागचं-पुढचं काहीच ताळ्यात बसत नाही.

माझ्या मते रिझोल्यूशन पाचाच्या वर नेऊ नका. कंट्रोलर जळला, पॅनेल फुटलं, बोअरचं पाणी आटलं ही कारणं आहेत, त्यांना वेगळा खाना करा. बोअर आटलेल्या पंपाला मात्र ‘दुरुस्त’ लावू नका. पंप ठीक होता, पाणी नव्हतं. ते ‘दोष आढळला नाही’ मध्ये टाका, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये मेकॅनिकच्या किती फेऱ्या अशा वाया जातात ते वेगळं दिसेल.